इंपेलर नवा, तरी धार बारीक: तुटलेली पाती गेली कुठे?

प्रश्न: ४० हॉर्सपॉवरचं दोन-स्ट्रोक आउटबोर्ड आहे. इंडिकेटरची धार बारीक झाली आणि इंजिन तापून बझर वाजायला लागला. जाळी साफ केली, इंपेलर बदलला. जुन्याची तीन पाती तुटलेली होती. धार जरा सुधारली, पण पहिल्यासारखी नाही. दहा-बारा मिनिटं जोरात चालवलं की परत बझर. गंमत म्हणजे घरी नळाची पाइप लावून बघितलं तर धार झकास येते. आता काय बघू?

उत्तर:

तीन पाती तुटली होती म्हणता, मग ती तीन पाती मिळाली का? पंप उघडला तेव्हा तिन्ही तुकडे हाताला लागले असतील तर प्रश्न वेगळा. नसतील लागले, तर ते विरघळलेले नाहीत. रबर आहे ते. पंपाने पाण्याबरोबर वर ढकललं आणि वाटेत कुठेतरी अडकलं. नवा इंपेलर आता त्या बुचाविरुद्ध पाणी ढकलतोय. तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय हाच आहे. दुसरा संशय पंपाच्या जोडणीवर, आणि तिसरा जाळीच्या आत अडकलेल्या कचऱ्यावर. पण उघडायच्या क्रमात तिसरा पहिला येतो, कारण तिथे मेहनत सगळ्यात कमी.

त्याआधी ती घरची झकास धार मनातून काढून टाका. तिने भल्याभल्यांना फसवलंय. नळाची पाइप लावता तेव्हा रबरी कपांतून दाबाचं पाणी थेट जाळीत घुसतं. म्हणजे पंपाला ओढायचं कामच उरत नाही. पाती झिजलेली असोत, ओढणीच्या बाजूने हवा शिरत असो, नळाचा दाब ते सगळं झाकून टाकतो. शिवाय इंजिन न्यूट्रलमध्ये, बिनओझ्याचं, त्यामुळे उष्णताही किरकोळ. खरी परीक्षा पिंपात घ्यायची. गिअरकेस आत बुडेल असं पिंप घ्या आणि पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या चांगलं वर येऊ द्या, कारण पंप जाळीच्या वर बसलेला असतो. न्यूट्रलमध्ये, आयडलवर, उघड्या जागी चालवा. रेझ करू नका. धुराने पिंपातलं पाणी घाण आणि कोमट होतं, तेव्हा फार वेळही चालवू नका.

आणि धार डोळ्यांनी मापू नका. काल जाड होती, आज बारीक वाटते, यात मनाचा खेळ फार. एक लिटरची बाटली धारेखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. सगळ्या इंजिनांना लागू होईल असा आकडा नसतो, छिद्राच्या मापावर सगळं अवलंबून. पण तुमच्याच इंजिनाचा आधीचा आणि नंतरचा आकडा हातात असला की वाद मिटतो.

धार काय सांगते, काय सांगत नाही

पाणी जाळीतून आत येतं, पंपातून वर चढतं, मधल्या पायातल्या उभ्या नळीतून पॉवरहेडला पोचतं, ब्लॉक आणि हेडभोवती फिरतं, थर्मोस्टॅट उघडला की बाहेर पडतं आणि एक्झॉस्टबरोबर खाली जातं. इंडिकेटर ही या वाटेला मधेच फोडलेली एक बारीक फांदी. बहुतेक इंजिनांत ती थर्मोस्टॅटच्या आधी फुटते. त्यामुळे धार आपल्याला एवढंच सांगते की त्या फाट्यापाशी पाण्याला दाब आहे की नाही. पुढे हेडमधून किती पाणी खेळतंय ते ती सांगत नाही.

हे ध्यानात आलं की तीन गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. धार बारीक पण इंजिन थंड, तर फांदीच तुंबलीय: नोझलमध्ये मीठ, चिखल, नाहीतर कुंभारमाशीचं घर. धार दणदणीत पण इंजिन तापतंय, तर अडथळा फाट्याच्या पुढे आहे: अडकलेला थर्मोस्टॅट किंवा मिठाने भरलेले हेडमधले मार्ग. आणि धारही बारीक, इंजिनही तापतंय, म्हणजे तुमच्यासारखं, तर अडचण फाट्याच्या अलीकडे: जाळी, पंप किंवा उभी नळी.

नोझलची शंका दोन मिनिटांत फिटते. इंजिनाचं झाकण काढा, इंडिकेटरकडे जाणारी बारीक नळी आतल्या बाजूने सोडवा आणि इंजिन आयडलवर ठेवून बघा. सोडवलेल्या टोकातून जोरदार पाणी आलं तर दोष नोझलचा. तिथूनही बारीकच आलं तर नोझलमागे लागू नका. तार घालणार असाल तर लोखंडी नको, गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घ्या. ती वळणात वळते आणि काही ओरबाडत नाही.

धार वेगाबरोबर कशी बदलते तेही बघा. कमी वेगात पात्यांची टोकं पंपाच्या भिंतीला घासत फिरतात, म्हणजे पिचकारीसारखं पाणी ढकलतात. वेग वाढला की पाण्याचा दाब पाती आत दुमडतो आणि तोच पंप नुसतं पाणी भिरकावून दाब करतो. म्हणून झिजलेला इंपेलर आधी आयडलवर उघडा पडतो आणि वेग वाढवला की पुष्कळदा सावरतो. ओढणीच्या बाजूचा अडथळा नेमका उलटा: आयडलला ठीक, आणि थ्रॉटल दिला की धार गळते, कारण मागणी वाढते आणि तेवढं पाणी आत येतच नाही. दोन्ही वेगांत सारखीच मरगळलेली असेल तर पंपाच्या वरचा अडथळा किंवा गळती धरून चाला. होडीवर दुसऱ्या कोणाला तरी मागे बसवून हे बघून घ्या. सुकाणू धरून मागे वळून बघणं धोक्याचं आणि त्यातून नीट कळतही नाही.

जाळी साफ केली म्हणजे काय केलं?

बहुतेक जण जाळीवर ब्रश फिरवतात आणि साफ केली म्हणतात. जाळी खोलून आत बोट घालून बघितलंत का? प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, गवताची काडी, शिंपल्यांचा चुरा जाळीच्या फटीतून आत जातो आणि जाळी ते पंप यांमधल्या पोकळीत बसतो. इंजिन बंद असताना तो तुकडा सैल पडतो आणि पाणी ओढलं गेलं की पडद्यासारखा तोंडावर येऊन चिकटतो. त्यामुळे तपासताना सगळं मोकळं दिसतं.

जाळी सहसा एकाच आरपार स्क्रूने दोन्ही बाजूंनी धरलेली असते. खाऱ्या पाण्यात तो स्क्रू रुसलेला असतो. जोर करून डोकं उडवण्यापेक्षा गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा. बसवताना स्क्रूला मरीन ग्रीस लावा. होडीच्या तळाला शेवाळरोधक रंग मारताना कोणी हौसेने गिअरकेसवरही ब्रश फिरवला असेल तर जाळीच्या फटी अर्ध्या बुजलेल्या निघतात. हे मी एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिलंय.

माझ्याकडे आलेलं इंजिन

काही वर्षांपूर्वी तुमच्यासारखंच ४० चं दोन-स्ट्रोक माझ्याकडे आलं. मालक म्हणाला, "इंपेलर टाकून महिना नाही झाला, परत तेच. नवा इंपेलरच डुप्लिकेट असणार." पिंपात लावलं. एक लिटर भरायला ७० सेकंद. आतून नळी सोडवून बघितली, तरी तेवढंच. म्हणजे नोझल सुटला.

दहा मिनिटं आयडलवर ठेवून तापमान बघायच्या गनने हेड मोजलं. इथे एक सांगतो: ही गन चकचकीत उघड्या ॲल्युमिनियमवर खोटा, कमी आकडा दाखवते. रंग असलेल्या जागी मोजा, नाहीतर काळ्या मार्करने ठिपका काढून त्यावर मोजा. वरच्या सिलिंडरपाशी ८० अंश सेल्सिअसच्या घरात होतं, खालच्यापाशी ६५. बऱ्याच आउटबोर्डमध्ये थर्मोस्टॅट ५० ते ६० अंशांच्या दरम्यान उघडतो (नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये आणि पुष्कळदा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो), तेव्हा नुसत्या आयडलवर ८० म्हणजे पाणी कमी पडतंय. आणि वरचा सिलिंडर जास्त गरम, यात नवल नाही. पाणी खालून चढतं. कमी पडलं की उपाशी राहतो तो वरचा.

जाळी खोलली, आत काही नव्हतं. मग गिअरकेस उतरवला. इंपेलर खरंच नवा होता, अस्सल होता, पाती शाबूत. मी मालकाला विचारलं, "जुना इंपेलर आहे का?" नशिबाने त्याने एका डब्यात ठेवला होता, पंपात सापडलेल्या तुकड्यांसकट. टेबलावर नव्याशेजारी जुना ठेवला आणि तुकडे त्यांच्या त्यांच्या जागी लावले. सहा पात्यांपैकी तीन गेलेली. डब्यात एक अख्खं पातं आणि एकाचं अर्धं. म्हणजे दीड पातं बेपत्ता. बदलणाऱ्याने हे दोन मिनिटांचं जिगसॉ लावलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

थर्मोस्टॅट काढला आणि त्याच्या तोंडातून पाण्याची पाइप उलट दिशेने लावली, भोवती चिंध्या कोंबून. खाली बादलीवर फडकं ताणलं, म्हणजे काय पडतं ते दिसेल. आधी वाळू आणि मिठाचे खवले आले, मग ते अर्धं पातं पडलं. पण मला खटकलं ते वेगळंच. एक्झॉस्टच्या बाजूने पाणी धो धो येत होतं आणि उभ्या नळीतून जेमतेम करंगळीएवढं. पाणी सोपी वाट शोधतं. तुम्ही कितीही जोरात फ्लश केलंत तरी अडलेल्या वाटेला ते जात नाही, मोकळ्या वाटेने निघून जातं. त्यामुळे "फ्लश केलं, स्वच्छ पाणी आलं" हा काही पुरावा नव्हे. पंपातून जी नळी वर जाते तिच्याच तोंडातून भरभरून पाणी यायला हवं.

मग नायलॉनची जाड दोरी त्या नळीतून वर सरकवली. नळी जिथे संपून पाणी वळतं, त्याच्या जवळ ती थांबली. धातूवर आदळली की टक् असं हाताला लागतं. इथे मऊ लागलं, किंचित उसळी मारणारं. पाइप चालू ठेवून दोरीने हळूहळू टोचत राहिलो. जोराने ढकललं असतं तर ते आणखी आत, ब्लॉकच्या मार्गात गेलं असतं, आणि मग गंजलेले बोल्ट सोडवून एक्झॉस्टचं कव्हर उघडायची पाळी. पाच-सात मिनिटांनी एकदम भस्सकन पाणी आलं आणि फडक्यावर अख्खं पातं, दुमडलेलं, एका बाजूने उष्णतेने चकाकलेलं. हिशेब पुरा झाला.

जोडून पुन्हा पिंपात लावलं: एक लिटरला २८ सेकंद. हेड दोन्हीकडे पन्नाशीत, तीन-चार अंशांच्या फरकात. पाण्यावर पाऊण थ्रॉटलने वीस मिनिटं चालवलं, बझर गप्प.

तुमच्या बाबतीत धार इंपेलर बदलल्यावर "जरा सुधारली" हे याच्याशी जुळतं. पंप सुधारला, वाट तशीच राहिली. म्हणून जुना इंपेलर टाकला नसेल तर आधी तो शोधा.

गिअरकेस पुन्हा उतरवाल तेव्हा

स्पार्क प्लगच्या वायरी काढून ठेवा. पंख्याला हात लावायचाय आणि गिअरमध्ये टाकायचंय, इंजिन चुकून फिरायला नको. पंख्याच्या वर मागे जो छोटा कल्ला असतो त्याची जागा मार्करने आखून घ्या. काही मॉडेलमध्ये त्याच्याखाली एक बोल्ट लपलेला असतो, तो न काढता पाय ओढत बसणारे लोक आहेत. गिअरचा दांडा कुठे सुटतो आणि कोणत्या गिअरमध्ये ठेवायचं, हे मॉडेलनुसार बदलतं. ते मॅन्युअलमधूनच बघा.

पंपाचं घर उघडल्यावर इंपेलरपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांकडे जास्त बघा. घराच्या आत स्टीलचा कप असतो आणि इंपेलरच्या खाली स्टीलची सपाट प्लेट. दोन्हींवरून नख फिरवा. नख अडकेल इतके चरे असतील तर नवा इंपेलरही तिथून पाणी निसटू देणार. तीन पाती तुटली होती म्हणजे पंप कधीतरी कोरडा फिरला असण्याची शक्यता बरीच आहे. कोरडा फिरला की रबर तापतं, त्याबरोबर प्लास्टिकचं घर वितळतं आणि आतला कप सैल होतो. सैल झालेला कप इंपेलरबरोबर थोडा फिरतो आणि त्याचं पाणी बाहेर जायचं भोक घराच्या भोकासमोरून सरकतं. बाहेरून सगळं ठाकठीक, आणि पाण्याचं तोंड अर्धं बंद. कप बोटाने फिरवून बघा; हलायलाच नको. हलला तर घरासकट पूर्ण किट टाका. नुसता इंपेलर बदलून पैसे वाचत नाहीत, दोनदा उघडावं लागतं.

नव्या इंपेलरचं रबर आतल्या धातूच्या बुशला पक्कं चिकटलेलं आहे ना तेही बघा: बुश धरून पाती फिरवायचा प्रयत्न करा. रबर बुशवर घसरलं तर शाफ्ट फिरेल आणि पाती फिरणार नाहीत. शाफ्टवरची छोटी अर्धचंद्राकृती चावी ग्रीसने चिकटवून बसवा. ती घरंगळून पडली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, असंही होतं.

घर खाली दाबताना शाफ्ट इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने फिरवत जा. बहुतेक आउटबोर्डमध्ये ती वरून बघितल्यावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे असते; फ्लायव्हीलवर बाण असतो तो बघा. पाती एका बाजूला वाकून बसली की उलट फिरवू नका. कपाला आतून साबणाचं पाणी किंवा किटबरोबर सांगितलेलं ग्रीस लावा, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांत रबर कोरडं घासणार नाही.

आता सर्वांत जास्त चुकणारी जागा. पाय वर चढवताना उभ्या नळीचं खालचं टोक पंपाच्या घरावरच्या रबरी बुचात शिरायला हवं. ते दिसत नाही, चाचपडत बसवावं लागतं. टोक बाजूला गेलं किंवा बुचाची कड आत दुमडली तर पंप अर्धं पाणी मधल्या पायातच फेकतो, वर पोचतं ते थोडंच. लक्षण तेच, बारीक धार आणि तापणारं इंजिन. म्हणून बुचाला आतून ग्रीस लावा, टॉर्च धरायला एक माणूस घ्या, आणि शाफ्टचे दाते जुळत नसतील तर जोर न लावता फ्लायव्हील त्याच्या दिशेने जरासा फिरवा. ग्रीस दात्यांच्या बाजूंना लावा, शाफ्टच्या माथ्यावर नको. माथ्यावरचं ग्रीस भोकात कोंडलं जातं आणि शाफ्ट पूर्ण बसूच देत नाही. पाय शेवटचा थोडा अंतर राखून अडला तर बोल्टने ओढून घेऊ नका. खाली घ्या, काय अडतंय ते बघा.

पंपाच्या घराखालचं गॅस्केट जुनंच परत वापरलं असेल तर तिथून हवा शिरते. धारेत बुडबुडे आणि थुंकल्यासारखे झटके येत असतील तर आधी हेच बघा. इंजिन ट्रान्समवर फार वर बसवलेलं असलं तरी वळताना अशीच हवा ओढली जाते. हे दोन्ही नसूनही बुडबुडे राहिले तर हेड गॅस्केटमधून एक्झॉस्ट पाण्यात जातोय का ते तपासावं लागेल.

थर्मोस्टॅट तुमच्या बाबतीत मुख्य आरोपी वाटत नाही. पण फ्लशसाठी काढालच, तर तपासून घ्या. त्याच्या झडपेत दोऱ्याचं टोक चिमटीत धरवून तो पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. पाणी तापवत जा. झडप उघडली की थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. तो पडला तेव्हाचा आकडा त्यावर कोरलेल्या आकड्याजवळ असायला हवा. थर्मोस्टॅट काढून टाकून इंजिन कायमचं तसंच चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. इंजिन गार राहतं, प्लग काळे पडतात आणि मूळ अडथळा जागच्या जागी राहतो.

हे होईपर्यंत पाण्यावर बझर वाजला तर

आधी थ्रॉटल कमी करा आणि मागे बघा. धार थोडी तरी चालू असेल तर न्यूट्रलमध्ये मिनिटभर आयडल ठेवा. धारच नसेल, किंवा पाण्याऐवजी वाफ येत असेल तर लगेच बंद. इंजिन वर उचलून जाळी बघा, पिशवी गुंडाळलेली असेल तर हाताने काढा. उचलता येण्यासारखी जागा नसेल तर, इंजिन अजून चालू असताना, हळू वेगात क्षणभर रिव्हर्स टाकल्याने जाळीवर चिकटलेली पिशवी पुष्कळदा सुटते. तापलेल्या ब्लॉकवर बाहेरून गार पाणी ओतायचा मोह आवरा, ॲल्युमिनियम वाकतं. थंड व्हायला अर्धा तास द्या, मग आयडलच्या जरा वर ठेवून किनाऱ्याला या. धोक्याच्या वेळी बझर बंद करायला वायर सोडवणारे भेटलेत मला. त्यांच्यातल्या एकाचं इंजिन नंतर मी उघडलं, पिस्टन भिंतीला चिकटलेला.

तुमचा बझर आतापर्यंत बऱ्याचदा वाजलाय, म्हणून पाण्याची वाट मोकळी झाल्यावर सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदा मोजून घ्या. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, इग्निशन तोडून, प्रत्येकाला सारख्याच फेऱ्या. आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असले तर इंजिन निभावलं. वरचाच सिलिंडर खाली आला असेल तर त्याच्या एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारून पिस्टनच्या बाजूवर उभे ओरखडे आहेत का ते बघा, आणि ते दिसले तर पाण्यावर न्यायच्या आधी हेड उघडा.